शाळेची सर्व्हर रूम की क्लाउड: पाच वर्षांचा हिशेब कसा मांडावा

नव्या सर्व्हरचं कोटेशन एका हातात आणि क्लाउडच्या मासिक बिलाचा अंदाज दुसऱ्या हातात घेऊन शाळेची समिती बसते, तेव्हा ती दोन न जुळणाऱ्या आकड्यांची तुलना करत असते. कोटेशनमध्ये वीज नाही, बॅटऱ्या नाहीत, सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा वेळ नाही. मासिक अंदाजात जुना डेटा हलवण्याचं काम नाही, दुसरी इंटरनेट लाइन नाही आणि दरवर्षी वाढणारी साठवण नाही. दोन्ही बाजूंचा खर्च एकाच कालावधीत आणि एकाच मापात आणणं, हे पहिलं काम.

त्याआधी एक गाठ सोडवून घ्यावी लागते. भांडवली खर्च की महसुली खर्च, हा प्रश्न पैसा कोणत्या खात्यातून जाईल आणि कोणाच्या सहीने जाईल एवढंच ठरवतो. स्वस्त काय पडेल, हे मालकीच्या एकूण खर्चावरून कळतं. "क्लाउड म्हणजे महसुली खर्च, म्हणून परवडतं" या वाक्यात दोन्हींची सरमिसळ आहे.

आधी यादी, मग मोजमाप

शाळेत आज काय काय चालतं, याची यादी करा. मध्यम आकाराच्या शाळेत सहसा फी-हजेरी-निकालाचं सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटाबेस, पालकांचं पोर्टल, शिक्षकांच्या फायली, संगणक कक्षाचा लॉगिन सर्व्हर, बॅकअप आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एवढं असतं. यातलं जे दोन्ही पर्यायांत सारखंच राहणार आहे ते तुलनेतून काढून टाका. वायफाय, वर्गांतले स्विच, मुख्य इंटरनेट लाइन ही खाती दोन्हीकडे सारखी असतात. ती धरली तर आकडे फुगतात आणि फरक टक्केवारीत लहान दिसतो.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही इथेच बाजूला काढावं. बत्तीस कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने चालले, तर दिवसरात्र ६४ एमबीपीएस अपलोड लागतो. बहुतेक शाळांची अपलोडची सगळी क्षमता त्यातच संपेल. रेकॉर्डर शाळेतच ठेवा.

उरलेल्या प्रत्येक सेवेसाठी प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क प्रत्यक्ष किती वापरली जाते हे मोजा. सरासरी फसवी असते, कारण शाळेचा सर्व्हर रात्री आणि सुट्टीत रिकामा बसतो. उलट सर्वोच्च क्षण धरला, तर बॅकअप चालू असताना आलेली दोन मिनिटांची उसळी धरली जाते. ९५वा शतमक घ्या, म्हणजे ज्या पातळीच्या खाली १०० पैकी ९५ नोंदी येतात ती पातळी. मोजमापात प्रवेशाचे आणि निकालाचे दिवस आलेच पाहिजेत. सुट्टीच्या महिन्यात घेतलेल्या नोंदीवरून क्लाउडचं मशीन निवडलं, तर ते निकालाच्या दिवशी कोलमडतं.

याच्या उलट चूक जास्त महाग पडते. जुन्या सर्व्हरमध्ये १६ कोर आणि १२८ जीबी मेमरी आहे म्हणून क्लाउडवरही तेवढंच मागायचं. शाळेच्या सर्व्हरमधली बरीच क्षमता कधीच वापरली गेलेली नसते, कारण खरेदी करताना पाच वर्षांनंतरची गरज आजच विकत घ्यावी लागते. क्लाउडवर ही आगाऊ खरेदी करायची गरज नाही. तरीही ती केली, तर न वापरलेल्या कोरचं भाडं दर महिन्याला भरत राहावं लागतं.

स्वतःच्या सर्व्हर रूमचं खातं

पुढचं उदाहरण एककांत मांडलं आहे. सुरुवातीची संपूर्ण खरेदी म्हणजे १००० एकक, बाकी सगळं त्या प्रमाणात. ही प्रमाणं समजण्यासाठी धरलेली आहेत. तुमच्या कोटेशनचे आकडे त्यांच्या जागी घाला.

सुरुवातीचे १००० असे पडतात: दोन सर्व्हर ४८०, डिस्कसह साठवण पेटी १६०, यूपीएस आणि बॅटऱ्या ९०, रॅक-वायरिंग-एसी ११०, सॉफ्टवेअरचे कायमचे परवाने १२०, बसवणी ४०.

चालू खर्चात विजेचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो, कारण तो पॉवर सप्लायवरच्या आकड्यावरून काढला जातो. सप्लायवर ८०० वॅट लिहिलेलं असलं, तरी ती त्याची कमाल क्षमता आहे. प्रत्यक्ष ओढ कितीतरी कमी असते. सॉकेट आणि यंत्र यांच्या मध्ये लावायचा मीटर घ्या आणि कामाचा एक पूर्ण आठवडा लावून ठेवा. समजा दोन्ही सर्व्हर मिळून ५००, साठवण पेटी १२० आणि स्विच ४० वॅट, म्हणजे ६६० वॅट भरले. यूपीएसची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर भिंतीतून ७३३ वॅट ओढले जातात. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ती एसीला बाहेर काढावी लागते. तीन वॅट उष्णतेमागे एक वॅट वीज धरली, तर आणखी २४४ वॅट. एकूण सुमारे ०.९८ किलोवॅट. वर्षाचे तास ८,७६० असतात, म्हणजे वर्षाला साधारण ८,५५० किलोवॅट-तास. यंत्र रिकामं असलं तरी ही वीज जातेच, सुट्टी असो वा नसो. उदाहरणात तिचे ८० एकक धरले आहेत.

बॅटऱ्यांसाठी वेगळी ओळ ठेवा. यूपीएसमधल्या सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं टिकतात, पण खोलीचं तापमान २५ अंशांवर गेलं की दर ८ ते १० अंशांमागे आयुष्य जवळपास निम्मं होतं. शनिवार-रविवार एसी बंद ठेवून "वीज वाचवणाऱ्या" शाळेत बॅटऱ्या दुसऱ्याच वर्षी फुगलेल्या दिसल्या, तर कारण हेच असतं. उदाहरणात तिसऱ्या वर्षी ३५ एकक आहेत.

हार्डवेअरची वॉरंटी तीन वर्षांची धरली, तर चौथ्या आणि पाचव्या वर्षी देखभाल कराराचे ६० एकक प्रत्येकी. एसी-यूपीएसची सर्व्हिसिंग १५, आणि शाळेबाहेर ठेवलेल्या बॅकअपचे २५. हा शेवटचा आकडा बऱ्याच हिशेबांत शून्य असतो, कारण बॅकअपची डिस्क सर्व्हरच्याच रॅकमध्ये असते. खोलीत पाणी शिरलं किंवा आग लागली, तर दोन्ही एकदम जातात. त्याला बॅकअप म्हणता येत नाही.

आता माणसाचा वेळ. सर्व्हर संगणक शिक्षकच बघतात, त्यांचा पगार तर द्यावाच लागतो, म्हणून हा खर्च शून्य धरला जातो. पण अपडेट टाकणं, बॅकअप तपासणं, निकामी डिस्क बदलणं यात जाणारे तास वर्गातून किंवा त्यांच्या संध्याकाळच्या वेळातून येतात. एक महिना साधी नोंदवही ठेवा: तारीख, काम, मिनिटं. उदाहरणात आठवड्याला सहा तास धरले आहेत. आठवड्याच्या एका तासाचे वर्षाला २५ एकक, म्हणजे १५०.

क्लाउडचं खातं

सुरुवातीला १८० एकक: डेटा हलवणं, चाचणी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि जुनी-नवी व्यवस्था काही आठवडे समांतर चालवणं. समांतर काळाचा खर्च सहसा विसरला जातो. त्या काळात दोन्ही बिलं भरावी लागतात. डेटा हलवायला किती वेळ लागेल हे आधी काढा: ४ टीबी डेटा ५० एमबीपीएस अपलोडने पाठवायला पूर्ण वेगातही साडेसात दिवस लागतात, आणि दिवसा शाळा चालू असताना तो वेग मिळत नाही.

दरवर्षीच्या खात्यात कायम चालू राहणारी मशीनं, म्हणजे डेटाबेस आणि पालकांचं पोर्टल, यांचे १७० एकक आहेत. ठरावीक मुदतीचा करार करून, म्हणजे आरक्षण घेऊन, ४० टक्के सवलत मिळाली असं धरलं आहे. फक्त शाळेच्या वेळेत लागणारी मशीनं ३० एकक. २२० दिवस रोज दहा तास चालवलं तर २,२०० तास होतात, वर्षाच्या फक्त एक चतुर्थांश. क्लाउडचा खरा फायदा शाळेला इथे होतो. पण त्यांच्यावर आरक्षण घेऊ नका. ४० टक्के सवलतीचा करार मशीन बंद असतानाही पैसे घेतो, म्हणून वर्षातले ६० टक्क्यांहून जास्त तास चालणाऱ्या मशीनलाच तो परवडतो.

साठवण आणि बॅकअप पहिल्या वर्षी ७० आणि पुढे दरवर्षी १५ ने वाढ. बाहेर जाणाऱ्या डेटाचे २०, देखरेख आणि तांत्रिक मदतीचे २०, सॉफ्टवेअर परवान्यांचं भाडं ४०. दुसऱ्या कंपनीची राखीव इंटरनेट लाइन ६०, कारण आता लाइन गेली की फी-काउंटरही थांबतं. माणसाचा वेळ तीन तास, म्हणजे ७५. तो शून्य होत नाही: डिस्क बदलावी लागत नाही, पण खाती, परवानग्या, अपडेट आणि बिल तपासणं उरतंच. शेवटच्या वर्षी बाहेर पडण्याचे ६० एककही धरा, कारण पाच वर्षांनी डेटा दुसरीकडे न्यायचा झाला तर ते काम कोणीतरी करणार आहेच.

एका तक्त्यात

| वर्ष | सर्व्हर रूम | क्लाउड |
|---|---|---|
| सुरुवात | १००० | १८० |
| १ | २७० | ४८५ |
| २ | २७० | ५०० |
| ३ | ३०५ | ५१५ |
| ४ | ३३० | ५३० |
| ५ | ३३० | ६०५ |
| साधी बेरीज | २५०५ | २८१५ |
| आजची किंमत, ८ टक्के दराने | २१९१ | २२६८ |

पहिल्या वर्षी सर्व्हर रूमला एकूण १२७० आणि क्लाउडला ६६५ लागतात. विक्रेता दाखवतो तो कागद हाच. चौथं वर्ष एकटं पाहिलं तर चित्र उलटं: ३३० विरुद्ध ५३०. "आपला सर्व्हर तर फुकट चाललाय" असं त्या वर्षी वाटतं, कारण त्याचे पैसे आधीच देऊन झालेले असतात. म्हणून एका वर्षाची तुलना कधीच करायची नाही.

शेवटच्या ओळीत पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या मोलात आणले आहेत. आज हातातून जाणारे १०० आणि पाच वर्षांनी जाणारे १०० सारखे नसतात, मधल्या काळात ते पैसे मुदत ठेवीत राहू शकतात. दर तुमच्या ठेवीचा किंवा कर्जाचा घ्या. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत होतं:

```
=B2+NPV(8%,B3:B7)
```

`B2` हा सुरुवातीचा खर्च आहे आणि तो कंसाबाहेरच हवा. `NPV` पहिल्या आकड्याला वर्षअखेरचा समजतं. `B2` कंसात गेला तर सुरुवातीचे १००० ही एक वर्षाने लांबतात आणि सर्व्हर रूम आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते. दुसरी नेहमीची चूक घसाऱ्याची. १००० ची खरेदी पाच वर्षांत समान घसाऱ्याने उतरवली की हिशेबाच्या पुस्तकात दरवर्षी २०० दिसतात. हे तेच १०००, फक्त वाटून दाखवलेले. या तक्त्यात खरेदी धरली असेल तर घसारा अजिबात घ्यायचा नाही, नाहीतर सर्व्हर दोनदा विकत घेतल्यासारखा होतो.

निकाल कोणत्या ओळीवर फिरतो

२१९१ आणि २२६८ यांत साडेतीन टक्क्यांचा फरक आहे. एवढ्या फरकावर "सर्व्हर रूम स्वस्त" असा निष्कर्ष काढणं म्हणजे स्वतःच्या अंदाजांवर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवणं. त्याऐवजी एकेक ओळ हलवून पाहा.

नोंदवहीत सहाऐवजी आठ तास निघाले, तर सर्व्हर रूमचे वर्षाला ५० वाढतात. आजच्या किमतीत २००. ती २३९१ वर जाते आणि क्लाउड स्वस्त ठरतं. राखीव इंटरनेट लाइन शाळेने ऑनलाइन परीक्षांसाठी आधीच घेतलेली असेल, तर ती दोन्हीकडे सारखी, म्हणून क्लाउडच्या खात्यातून निघते आणि क्लाउड २०२८ वर येतं. उलट, कायम चालू मशीनांचं आरक्षण घ्यायचं राहून गेलं, तर १७० चे २८३ होतात आणि क्लाउड २७२० वर पोचतं. म्हणजे विजेचा दर किंवा रॅकची किंमत इथे फारसं काही ठरवत नाही. माणसाचे तास, दुसरी लाइन आणि आरक्षण या तीन ओळी ठरवतात. मोजमापाचा वेळ तिथेच घालवावा.

अर्धं इथे, अर्धं तिथे हा मार्ग सोयीचा वाटतो आणि कधीकधी योग्यही असतो. पण त्यात एक खाच आहे: सर्व्हर रूमचा बराचसा खर्च खोलीचा असतो, सर्व्हरचा नाही. दोनपैकी एक सर्व्हर हलवला म्हणून एसी, यूपीएस, बॅटऱ्या आणि सर्व्हिसिंग निम्मे होत नाहीत. मिश्र पर्यायाचा तिसरा स्तंभ करा, त्यात हा खर्च जवळपास पूर्ण ठेवा आणि मगच बेरीज पाहा. एसी न लागणारा एक छोटा सर्व्हर आणि छोटा यूपीएस एवढ्यावर शाळेतलं काम भागत असेल, तर मात्र मिश्र पर्याय खरंच स्वस्त पडतो.

वर्गात काय जाणवेल तेही एकदा मोजा. तास सुरू होताच ४० संगणकांनी क्लाउडवरची ५० एमबीची फाइल उघडली तर २,००० एमबी, म्हणजे १६,००० मेगाबिट लागतात. १०० एमबीपीएस लाइनवर त्याला किमान १६० सेकंद. शाळेतल्या एक गिगाबिटच्या सर्व्हरवरून तेच १६ सेकंदांत होतं. संगणक कक्षाच्या मोठ्या फायली शाळेत ठेवण्यामागे एवढं साधं कारण पुरेसं आहे.

लेखापालाशी बोलायचं ते

अनुदान किंवा देणगी फक्त भांडवली खरेदीसाठी असेल, तर त्यातून क्लाउडचं बिल सहसा भरता येत नाही. तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरी ती मालमत्ता होत नाही. ताळेबंदात तो आगाऊ भरलेला खर्च म्हणून दिसतो आणि दरवर्षी त्या-त्या वर्षाचा हिस्सा खर्ची पडतो. पैसे वर्षअखेर संपवायचे म्हणून असा करार करण्याआधी देणाऱ्याच्या अटी वाचा.

क्लाउडवर हलवण्याचे १८० एकक एकदाच होतात, म्हणून ते भांडवली वाटतात. आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय लेखा मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, सॉफ्टवेअर ग्राहकाच्या ताब्यात नसेल तर ते जुळवून घेण्याचा खर्च बहुतेक वेळा मालमत्ता न ठरता खर्चीच टाकावा लागतो. अमेरिकी मानकांत २०१८ च्या दुरुस्तीपासून यातला काही खर्च कराराच्या मुदतीत वाटता येतो. तुमची शाळा कोणती पद्धत पाळते हे आधी विचारा, कारण त्यावर पहिल्या वर्षाची तूट अवलंबून असते.

सॉफ्टवेअर मोफत मिळत असेल तरी त्या ओळीत शून्य लिहून थांबू नका. शाळांसाठीच्या गुगल वर्कस्पेसमध्ये अमर्याद साठवण होती. २०२१ मध्ये गुगलने ती संपूर्ण संस्थेसाठी मिळून १०० टीबीवर आणण्याचं जाहीर केलं आणि जुन्या ग्राहकांना ते जुलै २०२२ पासून लागू झालं. पाच वर्षांच्या हिशेबात अशा एका बदलाला जागा ठेवा.

क्लाउड निवडलं तर पहिले तीन महिने

अंदाज आणि बिल यांत फरक पडतो तो बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, बंद केलेलं मशीन. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर मशीनच्या आतून शटडाउन केलं तर स्थिती `Stopped` दिसते आणि प्रोसेसरचं भाडं चालूच राहतं. पोर्टलवरून थांबवून `Stopped (deallocated)` दिसलं तरच ते थांबतं. डिस्कचं भाडं दोन्ही स्थितींत लागतं. दुसरं, साचलेले स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या-त्या क्षणाच्या प्रती: रोजचा स्नॅपशॉट घेण्याचा नियम लावला जातो, जुने पुसण्याचा राहून जातो. तिसरं, चाचणीसाठी उभं केलेलं आणि कोणाचंच नसलेलं मशीन. प्रत्येक मशीनला सेवेचं नाव आणि जबाबदार व्यक्तीचा टॅग लावला, तर हे पहिल्याच बिलात उघडं पडतं.

बजेटची सूचना ८० टक्क्यांवर लावा, पण ती सूचनाच आहे. मर्यादा ओलांडली म्हणून खर्च आपोआप थांबत नाही. आणि आरक्षणाचा करार पहिल्या दिवशी करू नका. तीन महिने तासाच्या दराने चालवून खरा वापर पाहा, मशीनं लहान करता येतात का ते बघा, मगच मुदत बांधा. त्या तीन महिन्यांचा चढा दर पहिल्या वर्षाच्या ओळीत आधीच लिहून ठेवा: वरच्या उदाहरणात तो सुमारे २८ एकक जास्तीचा येतो.